पुढच्या सोमवारी रुजू व्हायचे आहे

धैर्यशील सरांचा एक नियम आहे. फोटोशिवाय प्रमाणपत्र नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, प्रमाणपत्रं छापून, सही-शिक्का होऊन, फ्रेममध्ये बसून आली, तरी ती पोरींच्या हातात पडत नाहीत. आधी वितरण सोहळा व्हायला पाहिजे. सोहळ्याला आमदारसाहेब यायला पाहिजेत. साहेबांच्या हस्ते प्रत्येकीचा फोटो निघायला पाहिजे आणि तो फोटो पुढच्या बॅचच्या जाहिरातीच्या फ्लेक्सवर चढायला पाहिजे. साहेबांची तारीख मिळत नाही तोवर सगळी प्रमाणपत्रं माझ्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात. कोल्हापुरात फ्लेक्सशिवाय बारसंसुद्धा होत नाही, तिथं सरांना एकट्यालाच काय बोलायचं? पण मला राग यायचा. अजून येतो.

मी स्नेहल, राहणार शिवाजी पेठ. राजारामपुरीतल्या या प्रशिक्षण केंद्रात मी दिवाळीनंतर ऑफिसच्या कामाला लागले. त्याआधी एका वकिलांकडं टायपिंग करत होते. तिथं दिवसभर लोकांच्या तक्रारी टाईप करून डोकं भणभणायचं, म्हणून म्हटलं, आता जरा बऱ्या ठिकाणी बसू. इथं रुग्णसेवा सहायक असा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. पेशंटची कूस बदलणं, अंग पुसणं, ताप आणि बीपी बघून तक्त्यावर लिहिणं, असलं सगळं. शिकायला येणाऱ्या पोरी बहुतेक खेड्यातल्या. पलीकडच्या हॉलमध्ये एक खाट आहे आणि खाटेवर रबराचा पेशंट. संध्याकाळी त्याच्या अंगावर चादर ओढून पोरी घरी जातात. हॉलची खिडकी लावायला मला त्याच्या शेजारून जावं लागतं, आणि मी त्याच्याकडं न बघता जाते. आमच्या पेठेत मला कुणी भित्री म्हणणार नाही, पण ती चादर मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

मंगळवार ते शनिवार बॅच असते. सकाळी सगळ्या पोरी मिळून पाढे म्हणाव्यात तशा म्हणतात, "ताप, नाडी, श्वास, रक्तदाब." भिंतीतून तो आवाज ऐकत मी आलेलं टपाल फोडते.

डिसेंबरच्या सुरुवातीला असंच एक पाकीट आलं. स्पीड पोस्टानं, मलकापूरचा शिक्का. आत वहीच्या कागदावर हातानं लिहिलेलं पत्र आणि झेरॉक्स प्रती.

"मा. संचालक यांस. विषय : संपूर्ण फी भरूनही अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र न मिळाल्याबाबत तक्रार. महोदय, मी आपल्या केंद्रातून रुग्णसेवा सहायक हा अभ्यासक्रम पूर्ण केला असून परीक्षेत प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आहे. फी भरल्याच्या सर्व पावत्या व निकालपत्र यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आपल्या माहितीपत्रकात निकालानंतर एक महिन्यात प्रमाणपत्र देण्याचे लिहिले आहे. ते अद्याप मिळालेले नाही. फोनवर विचारले असता प्रत्येक वेळी सोहळ्यात मिळेल असे सांगतात. माझी कोल्हापुरातील रुग्णालयात निवड झाली आहे, परंतु प्रमाणपत्राशिवाय ते मला कामावर घेत नाहीत. मला पुढच्या सोमवारी रुजू व्हायचे आहे. तरी आठ दिवसांत प्रमाणपत्र न मिळाल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. आपली विद्यार्थिनी, संघप्रिया गणपती कांबळे, तालुका शाहूवाडी."

मी वकिलांकडं दोन वर्षं काढलीत. असलं नेटकं पत्र मोठमोठ्या माणसांना जमत नाही. कशाची तक्रार, पुरावा काय, मागणी काय, मुदत किती, नाही दिलं तर काय, सगळं एका कागदात. शिवाय कुठं रडगाणं नाही. 'सोमवारी' या शब्दाआधी 'बुधवारी' लिहून खोडलेलं होतं, तेवढीच काय ती खोट. आणि डाव्या कोपऱ्यात खाली निळ्या पेनानं एक वर्तुळ काढलेलं होतं, वाकडंतिकडं, आत बारीक बारीक रेघोट्या. हे कशाला काढलंय ते मला कळलं नाही.

मी पत्र घेऊन सरांकडं गेले. सर वाईट माणूस नाहीत. पोरींना हप्त्यानं फी भरू देतात, कुणाची अडचण असली तर थांबतात. पण सोहळा म्हटलं की त्यांच्या डोक्यात मांडव उभा राहतो.

"ठेव की फाईलला," सर मोबाईलवरून नजर न उचलता म्हणाले. "साहेबांची तारीख मिळाली की पहिलं तिलाच देऊया."

"सर, तिची नोकरी अडल्या."

"अगं, आता निवडणुकीची आचारसंहिता लागल्या. साहेब स्टेजवर कसं येतील? जरा कळ काढ म्हणावं."

मी फाईल काढली. काढली आणि तिथंच उभी राहिले.

फाईलमध्ये तेच पत्र होतं. एक नाही, दर महिन्याचं एक, जुलैपासून. तेच अक्षर, त्याच ओळी, शब्द जिथं तुटायचा तिथंच तुटलेला. प्रत्येक पत्रात 'बुधवारी' लिहून खोडलेलं आणि पुढं 'सोमवारी'. प्रत्येक पत्रात पुढच्या सोमवारी रुजू व्हायचे आहे. बदललेली होती ती फक्त तारीख. सगळ्यांत खालचं, जुलैचं पत्र तेवढं हातोहात दिलेलं दिसत होतं, त्याच्या कोपऱ्यात आमच्या केंद्राचा आवक शिक्का होता. नंतरच्या सगळ्यांवर त्या जागी ते निळं वर्तुळ.

माणूस एकदा चुकून खोडतो. तीच चूक तिथंच दर महिन्याला कोण करतं? ही पोरगी आहे तरी कसली, आणि हिचा तो सोमवार उजाडतो तरी कधी? मी स्वतःलाच दटावलं, की बाई, झेरॉक्स असेल. पण झेरॉक्स नव्हती. कागदाच्या मागून हात फिरवला की पेनाचा दाब बोटांना लागत होता.

मग कपाट उघडलं. गठ्ठ्यात तिचं प्रमाणपत्र सापडलं, फ्रेमसकट. कोपऱ्यात फोटो. सावळी, दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे असे की आत्ता काहीतरी विचारेल. मी तिला म्हटलं, देते बाई, देते. आणि कपाट लावलं.

जानेवारीत दुसरं पाकीट आलं. पोस्टमन केरबामामांनी सही घेताना चेष्टा केली, "शाहूवाडीचं पावणं लई जीव लावून बसल्यात तुमच्यावर." मी हसले, पण पाकीट फोडायला हात धजेना. फोडलं. खोडलेला बुधवार, पुढचा सोमवार, निळं वर्तुळ.

त्या दिवशी मी प्रवेश अर्जावरचा तिचा नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग कुणीतरी उचलला. बोललं मात्र कुणी नाही. नुसता श्वास, आणि मागं कुठंतरी कोंबडी.

"हॅलो, संघप्रिया कांबळे का?"

"प्रिया?" पलीकडून बाईचा आवाज आला, अगदी हळू, पाळण्यातलं पोर उठू नये म्हणून बोलतात तसा. "प्रिया, तूच बोलत्यास नव्हं?"

"नाही मावशी, मी केंद्रातनं बोलतोय. कोल्हापुरातनं."

"व्हय व्हय. कोल्हापुरातनंच." बाई जरा थांबली. "लागली व्हय गं नोकरी? जेवत्यास न्हवं येळेवर? पहाटंचं किती म्हणत बसत्यास ते. घसा बसल की."

मागून एका पुरुषाचा आवाज आला, "सरू, दे हिकडं." आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावला तर कुणी उचलला नाही. हॉलमध्ये पोरींचं चाललं होतं, ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, आणि मला उगीचच वाटलं की त्यात एक आवाज जास्त आहे.

दोनच दिवसांनी तो माणूस ऑफिसात आला. सोमवार होता, बॅच नव्हती. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. चपला दाराबाहेर काढून आत आला. दवाखान्यात येतात तसा.

"मी गणपती कांबळे. संघप्रियाचा बा," तो म्हणाला. "परवा तुमीच फोन केल्ता नव्हं?"

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि दिलासा द्यावा म्हणून म्हटलं, "मामा, प्रमाणपत्र तयार हाय. पण नियमानं तिच्याच हातात द्यावं लागतं. तिला घेऊन या की. तिची सही झाली की मी देतोय, सरांचं मी बघतो."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ती न्हाय आता," ते म्हणाले. "ऑगस्टात गेली."

मी माझी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. रुग्णालयानं पोरीला निवडलं होतं. प्रमाणपत्र आणा आणि सोमवारी कामाला या, म्हणाले. ती इथं हेलपाटे घालत राहिली, आणि सोहळा पुढं जात राहिला. शेवटी तिनं पत्र लिहून दिलं आणि शिक्का मारलेली पोच घेऊन गावी आली, की बोलावणं येईपर्यंत रिकामं कशाला बसायचं. भातलावणीचे दिवस होते. आईबरोबर चिखलात उतरली. दोन आठवड्यांनी ताप आला. आधी साधा वाटला, मग डोळे पिवळे झाले.

"सोताच बगायची," ते म्हणाले. "काखंत थर्मामीटर, मनगटावर बोटं. आयला म्हणायची लिव, ताप एकशे तीन, नाडी एकशे दहा. आयला कुठलं लिवाय येतंय? ती नुसतं व्हय व्हय म्हणायची. तालुक्याला न्हेलं, तिथनं कोल्हापूरला. डॉक्टर म्हणालं लेप्टो हाय, लावणीच्या पाण्यातनं हुतोय, उशीर झाला. शेवटच्या दिवशीबी बोटं मनगटावरच."

"आणि ही पत्रं?" मी विचारलं.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी काढली. जुलैच्या पत्राची पोच, म्हणजे त्याच पत्राची आमचा गोल शिक्का मारलेली झेरॉक्स, घड्यांवर विरलेली.

"मी चौथी शिकलोय. अर्ज करायचं म्हंजे काय, मला ठावं न्हाय. घरातलं समदं लिवणं तिचंच. म्हणून ह्येच्यावरनं काढतोय. तारीख तेवढी पोस्टातल्या मास्तरला इचारून घालतोय. बाकी जसंच्या तसं. एक अक्षर चुकवलं न्हाय."

तेव्हा मला ते वर्तुळ कळलं. त्यांनी आमचा शिक्कासुद्धा काढला होता. पत्राचाच भाग असेल, तो नसला तर पत्र चालायचं नाही, असं समजून दर महिन्याला पेनानं घोटून घोटून काढला होता. आणि आम्ही ते पत्र दर महिन्याला फाईलला लावत होतो. सरांनी एकदाही वरची तारीख आणि खालचा मजकूर मिळवून बघितला नाही. हसावं की सरांच्या टेबलावर काहीतरी आपटावं, मला कळेना.

"पण मामा, कशासाठी? आता ती..."

त्यांनी दाराबाहेरच्या आपल्या चपलांकडं बघितलं.

"आमच्यात आत्मा-बित्मा मानत न्हाईत, मॅडम," ते म्हणाले. "आमच्या आज्जानं धम्म घेतला तवापासनं घरात देव न्हाय, भूत न्हाय. मेलं म्हंजे संपलं. मी समाजात सांगणारा माणूस. पण सरू, म्हंजे तिची आय, पहाटंचं उठून बसत्या. म्हणत्या, ऐका, प्रिया म्हणालीया. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब. परीक्षेच्या येळंला म्हणायची तसं. मला काय ऐकू येत न्हाय. मी म्हटलं, सरू, काय न्हाय गं. तर म्हणती, पोरगी अडकून पडल्या. कागद आल्याबिगर तिला घेत न्हाईत, ना तिकडं ना हिकडं. तुमी कागद आणा." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "सरूला जेवण जाईना झालंय. आता ह्यो कागद न्हेला न्हाय तर मी तिलाबी घालवतोय बगा."

मी उठले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवलं नाही.

सगळं सांगितलं. सर गप्प झाले. खरंच गप्प झाले, तेवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. मग म्हणाले, "अरेरे." आणि मग सवयीनं म्हणाले, "सोहळ्यात देऊया की. साहेबांच्या हस्ते, मरणोत्तर. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"सर," मी म्हटलं, "त्या माणसानं इथनं उठून वकील गाठला, तर तुमच्याच डोळ्यांत येईल. निकालानंतर एक महिन्यात देतो असं तुमच्या माहितीपत्रकात छापलंय. पैसे पुरते घेतलेत, पावत्या त्यांच्याकडं हायत, आवक शिक्का मारलेली पोच हाय. ग्राहक गेला तरी त्याचे वारस तक्रार करू शकतात, आणि दोन वर्षांची मुदत कुठं संपल्या? त्याहीपेक्षा सर, ती पोरगी चिखलात उतरली ती तुमच्या फोटोपायी."

माझी नोकरी जाईल असं मला वाटलं होतं. जाऊ दे म्हटलं. सर उठले, कपाटाची किल्ली घेऊन स्वतः बाहेर आले आणि स्वतःच्या हातानं गठ्ठ्यातून ती फ्रेम काढली. गणपतीमामांच्या पुढं दोन्ही हातांनी धरली. सवयीनं त्यांचा एक हात खिशातल्या मोबाईलकडं गेला, माझ्याकडं बघितलं आणि हात तसाच माघारी आला.

"वाटप रजिस्टरला सही लागेल," सर पुटपुटले. "विद्यार्थ्याची सही प्रवेश अर्जावरच्या सहीशी जुळावी लागते. पण इथं घेणाऱ्याची चालेल."

मी रजिस्टर पुढं केलं. संघप्रियाच्या नावासमोरची चौकट दाखवली. मामांनी पेन घेतला आणि क्षणभरही न थांबता सही केली. संघप्रिया ग. कांबळे. 'प्रि'ची वेलांटी मागं वळवून, शेवटी खाली एक बारीक रेघ ओढून. मी प्रवेश अर्ज उघडला. तीच सही होती. तपासायला दिली असती तर बँकेनंसुद्धा पैसे दिले असते.

"मामा, तुमची सही करायची होती. वडील म्हणून."

"व्हय?" ते ओशाळले. खाली पुन्हा पेन टेकवला. 'गणपती' लिहायला त्यांना फार वेळ लागला. आणि लिहून झालं तेव्हा तेही तिच्याच वळणाचं होतं, 'प'चं पोट तिच्यासारखं, खाली तिचीच बारीक रेघ. त्यांनी ते बघितलं, मीही बघितलं.

"माझी सही अशी नव्हती," ते म्हणाले. "अलीकडं हात असाच जातोय."

फ्रेम टॉवेलात गुंडाळून ते गेले. मी दारापर्यंत गेले. त्या संध्याकाळी हॉलची खिडकी लावताना मी पहिल्यांदा त्या रबराच्या पेशंटकडं नीट बघितलं. त्याच्या मनगटावर जिथं नाडी बघायची तिथं पोरींच्या बोटांनी रबर गुळगुळीत झालं होतं. तिचीही बोटं असतील त्यात. मी चादर नीट केली आणि मला रडू आलं.

फेब्रुवारीत पाकीट आलं नाही. केरबामामा म्हणाले, "काय हो, रुसलं काय शाहूवाडी?" मला बरं वाटलं. जेवताना आईला सांगितलं, की बघ, एक काम मी नीट केलं. फोन लावून विचारावं असं दोनदा मनात आलं, पण लावला नाही. त्या बाईनं पुन्हा मला प्रिया म्हटलं असतं तर?

मग एका सोमवारी गणपतीमामा पुन्हा आले. बगलेत तोच टॉवेल. मला वाटलं, फ्रेमची काच फुटली असेल, नावात काही चूक निघाली असेल.

त्यांनी टॉवेल सोडला आणि फ्रेम माझ्या टेबलावर ठेवली, फोटो माझ्याकडं करून.

"ह्ये परत कपाटात ठेवा," ते म्हणाले.

"का मामा?"

"न्हेलं त्या दिशी बुद्धाच्या अन् बाबासायबांच्या फोटूखाली ठेवलं. सरूनं मेणबत्ती लावली. दुसऱ्या दिशी पहाटंला उठली अन् बसली कान दिऊन. काय न्हाय. तिसऱ्या दिशीबी न्हाय. मी म्हटलं, बरं झालं, सुटली पोर. सरू दोन दिस पोटभर जेवली." त्यांनी टॉवेलाची घडी घातली. "मग मला म्हणाली, आवो, गेली की ती. खरंच गेली. कामाला लागली, आता घरला कशाला येतीया. तवापासनं रडत्या. गेली तवा रडली न्हवती तेवढी आता रडत्या. म्हणत्या, माघारी दिऊन या त्यो कागद. अडकलेली हुती तर निदान घरात तरी हुती."

मामा, हे बरं नाही, मावशींना डॉक्टरांना दाखवा, असं काहीतरी मी म्हणाले. ते मान हलवत राहिले. दाखवतो म्हणाले. आणि मग हात पुढं करून टेबलावर उताणा ठेवला, मीच नाडी बघणार असल्यासारखा.

"तिचं सोडा," ते म्हणाले. "मला कवाच काय ऐकू आलं न्हाय, मॅडम. मी खोटं सांगणार न्हाय. पण महिन्यातनं एकदा ते लिवाय बसायचो, तवा तिच्या अक्षरावरनं पेन जायाचा. कुठं दाबलंय, कुठं थांबल्या, बुधवार म्हणून चुकल्या, मग खोडलंय. चुकल्यावर जीभ चावायची ती. तिथं आलो की माझीबी जीभ दाताखाली यायची. तेवढा येळ ती हुती की. आता कागद मिळाल्यावर लिवायचं काय? खोटी तक्रार कशी करू?"

बाहेर रिक्षांचा गोंगाट चालला होता. आत आम्ही दोघं आणि टेबलावर ती, ओठ मिटून, काहीतरी विचारणारी.

मी उठले. कपाट उघडलं. फ्रेम होती तिथंच, गठ्ठ्यात, तिच्या बॅचच्या पोरींच्या मध्ये सरकवली. मग रजिस्टर काढलं, त्यांच्या दोन सह्यांचं पान उघडलं, आणि तिच्या नावासमोर लाल पेनानं शेरा लिहिला, प्रमाणपत्र केंद्राकडे परत, वाटप बाकी. असा शेरा आजवर कुणी लिहिला नसेल. पण लिहिलेलं खरं होतं.

"झालं," मी म्हटलं. "आता तुम्हाला मिळालेलं नाही."

त्यांनी माझ्याकडं बघून हात जोडले आणि चपला घालून जिना उतरले.

मार्चमध्ये साहेबांची तारीख मिळाली. सर आनंदानं टेबलाभोवती फिरत होते. मांडव, हार, फोटोग्राफर. मला म्हणाले, "यादी काढ गं, एक नाव सुटता कामा नये." मी यादी काढली. एक नाव मी स्वतः सोडलं. सरांनी यादी बघितली, त्या बॅचच्या नावांपाशी थांबले, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता सही केली.

सोहळ्याच्या आदल्या सोमवारी केरबामामा आले. "आलं बगा तुमचं पावणं," म्हणाले. मलकापूरचा शिक्का. मी सही केली, पाकीट फोडलं. संपूर्ण फी भरूनही प्रमाणपत्र न मिळाल्याबाबत. बुधवार खोडलेला. मला पुढच्या सोमवारी रुजू व्हायचे आहे. खाली तिची सही, कोपऱ्यात निळं वर्तुळ, या वेळी जरा जास्तच गोल.

मी आमचा खरा शिक्का घेतला आणि त्या वर्तुळाच्या शेजारी मारला. आवक नोंदवहीत पत्र चढवलं. हॉल रिकामा होता, बॅच नव्हती, तरी मी हातातलं काम थांबवून भिंतीकडं कान देऊन थोडा वेळ बसले. मग कार्यवाहीच्या रकान्यात लिहिलं, विद्यार्थिनीस प्रमाणपत्र अद्याप दिलेले नाही.